लोकलच्या गर्दीत सुगंध किती टिकतो?

कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात घामाचा आणि कुणाच्या तरी उग्र अत्तराचा वास एकत्र होतो, तेव्हा बऱ्याच हातांत नाकाशी धरायची छोटी कांडी दिसते. हीच सुगंधाची हौस घरी डिफ्यूझर भागवतो. मात्र प्रवासात डिफ्यूझर नेण्यात अर्थ नाही. त्याचे कामच मुळी खोलीतली सगळी हवा सुगंधी करायचे.

पाण्यावर चालणाऱ्या डिफ्यूझरमध्ये साधारण १०० मिली पाणी आणि तेलाचे चार-पाच थेंब घालतात. तीन-चार तासांत पाणी संपते आणि खिडकी उघडी असेल तर वास त्याआधीच विरतो. काड्यांचा डिफ्यूझर दीड-दोन महिने चालतो, पण तो सतत उघडा असतो. गाडीत कलंडला तर तेल डॅशबोर्डवर सांडते आणि प्लास्टिक खराब होते. शिवाय बंद डब्यात शेजारच्याला दमा किंवा अर्धशिशी असू शकते. आपल्या आवडीचा वास त्याच्यावर लादणे बरे नाही.

कांडीच्या आत कापसाची वात असते. रिकामी कांडी मिळते, तिच्यात पंधरा-वीस थेंब, म्हणजे एक मिलीच्या आतबाहेर तेल मुरवायचे आणि बूच घट्ट लावायचे. समजा, त्यात संत्रे, पुदिना आणि वाळा आहे. संत्र्याचा वास सगळ्यात आधी उडतो, पुदिना त्याच्यापेक्षा जास्त तग धरतो आणि शेवटी वाळाच मागे राहतो. म्हणून जुनी कांडी वेगळीच वाटते. रोज वापरूनही ती बहुधा काही आठवडे चालते, कारण दोन हुंगण्यांच्या मधला सगळा वेळ ती बंद असते. बूच सैल राहिले तर मात्र काही दिवसांतच कोरडी पडते.

एक फसगत हमखास होते. ठाणे येईपर्यंत वास येईनासा झाला की कांडी संपली असे वाटते. प्रत्यक्षात नाक त्या वासाला सरावलेले असते. कांडी पंधरा-वीस मिनिटे बाजूला ठेवावी, किंवा दुसऱ्याला हुंगायला द्यावी. मात्र ती नाकाला टेकवू न देता, थोडी लांब धरून. त्याला वास आला तर कांडी शाबूत आहे. संत्र्या-लिंबाच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा आंबूस वास यायला लागला, तर ते हवेने बिघडले आहे. असे तेल त्वचेला त्रास देऊ शकते, तेव्हा वात टाकून द्यावी.

मेंथॉलच्या कांडीने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ते गारव्याच्या संवेदनेमुळे. आतली सूज त्याने उतरत नाही. कापूर-मेंथॉलच्या कांड्या तान्ह्या मुलांपासून दूर ठेवाव्यात. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून कांडी पर्सच्या उघड्या कप्प्यात नव्हे, तर चेन लावलेल्या कप्प्यात असावी.