कपाटाची ऑर्डर: आगाऊ किती आणि रद्द झाली तर?

मापाने करून घेतलेले कपाट एकाच भिंतीसाठी बनते. दुकानात तयार उभे असलेले कपाट एकाने नाकारले तर दुसरा घेतो. पण सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल आणि ग्राहकाने निवडलेल्या राखाडी सनमायकाचे कपाट दुसऱ्या घरात बसेलच असे नाही, आणि बसले तरी त्या घरच्यांना तो रंग हवा असेल असेही नाही. म्हणून फर्निचर करणारे कारखाने काम हातात घेण्याआधी आगाऊ रक्कम मागतात. बहुतेक ठिकाणी ती ‘निम्मी’ असते. निम्मीच का, याचे उत्तर मात्र क्वचितच कोणी देते, आणि पुढचे बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात.

हा निम्मा आकडा कुठून येतो ते वर सांगितलेल्या कपाटाच्या हिशेबातून दिसते. समजा, समोरच्या बाजूच्या चौरस फुटावर दर लावून कारखान्याने ६६ हजार रुपये सांगितले. दर गावागणिक आणि मालागणिक बदलतात, पण खर्चाची विभागणी साधारण अशीच पडते. अठरा मिलिमीटरचे पाच आणि पाठीला लावायचे सहा मिलिमीटरचे दोन असे प्लायवूड सुमारे १९ हजारांचे. बाहेरून रंगीत आणि आतून पांढरा सनमायका मिळून १० हजार. फेव्हिकॉल, कडेच्या पट्ट्या, स्क्रू असे किरकोळ ३ हजार. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, हँडल, कुलपे ५ हजार. मिस्त्री आणि हेल्पर यांची नऊ दिवसांची मजुरी १७ हजार आणि टेम्पो १ हजार. ही बेरीज ५५ हजार होते. उरलेल्या ११ हजारांत जागेचे भाडे, वीज, मशीनची झीज आणि मालकाची कमाई.

यातले चॅनेल-बिजागऱ्यांचे सामान शेवटी लागते, मजुरीही आठवड्याच्या आठवड्याला द्यायची असते. पण प्लाय, सनमायका आणि फेव्हिकॉल आणल्याशिवाय कामाला हातच लागत नाही, आणि त्यांची किंमत ३२ हजार होते. ६६ हजारांचे निम्मे ३३ हजार. म्हणजे आगाऊ रकमेत पहिल्या खेपेचा माल बसतो, फारसे काही उरत नाही. एखाद्या ग्राहकाने महागडे परदेशी चॅनेल किंवा काचेची दारे सांगितली, तर ते सामान आधी मागवावे लागते आणि निम्मी रक्कम अपुरी पडते. उलट ग्राहक प्लाय स्वतः आणून देणार असेल आणि कारखान्याची फक्त मजुरी असेल, तर निम्मी रक्कम मागायला आधार उरत नाही. टक्केवारी नंतर ठरते, आधी माल मोजायचा असतो.

रक्कम मागण्याची योग्य वेळ म्हणजे माप घेऊन, कागदावर आकृती काढून, एकूण किंमत सांगितल्यानंतरची. त्याआधी मागितली तर ग्राहकाला आपण कशाचे पैसे देतो आहोत ते कळत नाही. फार उशिरा, माल उतरवून घेताना मागितली तर ती गळ्यात पडल्यासारखी वाटते. मागताना कारणही सांगावे. ‘ताई, कपाट एकूण ६६ हजारांना पडेल. ३३ आधी लागतील, कारण तुमच्या रंगाचा सनमायका आणि प्लाय त्यातून येणार. सांगाडा उभा राहिला की २६, आणि घरी बसवून दारे नीट लागली की उरलेले ७.’ एवढ्या तीन वाक्यांत ग्राहकाला पुढचे सगळे हप्ते आणि प्रत्येकाचे कारण कळते. ‘आमच्याकडे असंच असतं’ या उत्तरातून यातले काहीच कळत नाही. ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असे ग्राहकाने विचारले, तर विश्वासाच्या चर्चेत न शिरता प्लायच्या दुकानदाराला रोख द्यावी लागते एवढे सांगणे पुरते.

शेवटचे ७ हजार राखून ठेवण्यामागेही कारण आहे. ड्रॉवर अडकणे, दार एका बाजूला झुकणे, कडेची पट्टी सुटणे हे दोष कपाट भिंतीला लागल्यावरच दिसतात. सगळी रक्कम आधीच गेली असेल तर मिस्त्री दुरुस्तीला कधी येईल याची शाश्वती राहत नाही. म्हणून पूर्ण पैसे आधी मागणाऱ्या कारखान्याकडे ग्राहकाने जरा संशयाने पाहिले तर ते चूक नाही.

आता रद्द करण्याचा प्रश्न. घराचा ताबा लांबतो, बदलीची ऑर्डर येते, घरातल्या थोरांना रंग पसंत पडत नाही. कारण काहीही असो, किती पैसे परत मिळणार हे काम कुठवर आले आहे त्यावर ठरायला हवे. फक्त माप आणि आकृती झाली असेल, माल आला नसेल, तर कारखान्याचे नुकसान येण्याजाण्याचे आणि आकृती काढायला लागलेल्या वेळाचे. त्यापोटी २ हजार धरले तर ३१ हजार परत जायला हवेत. माल आला आहे पण कापलेला नाही, अशा वेळी प्लायची अख्खी शीट दुकानदार बहुधा परत घेतो, थोडी कपात करून. ती कपात आणि टेम्पो मिळून दीड हजार. पांढरा सनमायका दुसऱ्या कामात खपतो, पण खास मागवलेला राखाडी, ५ हजारांचा, अंगावर पडतो. आधीचे २ हजार धरून साडेआठ हजार झाले. ग्राहकाला साडेचोवीस हजार मिळायला हवेत.

कटिंग झाले की चित्र पालटते. सात फुटांच्या बाजू आणि तीन फुटांचे कप्पे कापलेली शीट दुकानदार परत घेत नाही. त्यातले मोठे तुकडे दुसरीकडे लागतील म्हणून ६ हजार सोडले तरी २६ हजारांचा माल वाया जातो. तीन दिवसांची मजुरी पावणेसहा हजारांच्या आसपास होते, आणि पहिले २ हजार. बेरीज ३३ हजारांच्या थोडी वर जाते, म्हणजे आगाऊ रक्कम इथे पुरती संपते. सांगाडा उभा राहिल्यावर पुढचे काम बिनपैशाचे करणे कारखान्याला परवडत नाही, म्हणून दुसरा हप्ता नेमका त्या टप्प्यावर लावलेला असतो.

थोडक्यात, सगळा पेच कटिंगपाशी आहे. जाणते कारखानदार म्हणूनच आदल्या संध्याकाळी फोनवर एक संदेश टाकतात: ‘उद्या कटिंग लावतोय. उंची ८४ इंच, रुंदी ७२, बाहेरून राखाडी. बरोबर ना?’ आणि ‘हो’ असे उत्तर आल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. या एका शब्दाने माप चुकल्याचे वाद मिटतात आणि परतावा कोणत्या तारखेपासून बंद झाला तेही लेखी राहते.

‘दिलेली आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असा शिक्का पावतीवर मारला की प्रश्न मिटला, असे अनेक व्यावसायिकांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती फक्त वरची मर्यादा ठरते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या दिल्लीतल्या बंगल्याच्या खटल्यात हे स्पष्ट केले. विकणाऱ्याने करारानुसार २५ हजार रुपये जप्त केले होते. न्यायालयाने त्यातले विसार म्हणून दिलेले १ हजार ठेवू दिले, पण बाकीच्या २४ हजारांवरचा जप्तीचा हक्क मान्य केला नाही, कारण तेवढे नुकसान झाल्याचे दिसत नव्हते. व्यवहार पक्का राहावा म्हणून दिलेला विसार आणि किमतीचा भाग म्हणून दिलेली आगाऊ रक्कम यांत न्यायालये फरक करतात. कपाटाचे ३३ हजार मुख्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नेही नुकसानीच्या मानाने अवाच्या सव्वा दंड लादणारा करार अन्यायकारक ठरवला आहे. टप्प्यांचा हिशेब त्यामुळे ग्राहकाइतकाच कारखान्याच्याही कामाचा: उद्या ग्राहक आयोगापुढे जावे लागले तर प्लायची बिले आणि कटिंगचा संदेश दाखवता येतो, शिक्का कामाला येत नाही.

कराची बाजू लहान आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि कंपोझिशन योजनेत नसलेल्या कारखान्याला वस्तूंच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून लगेच कर भरावा लागत नाही. तो बिल करताना लागतो. निव्वळ मजुरीचे काम मात्र सेवा धरले जाते, आणि सेवेच्या आगाऊ रकमेवर ती मिळताच कर लागू होतो. म्हणून ‘६६ हजार करासह की कर वेगळा’ हे पहिल्याच दिवशी बोलून घेतलेले बरे.

हे सगळे एका पानाच्या पावतीत मावते. कपाटाचे माप, प्लायचा प्रकार, सनमायकाचा क्रमांक, एकूण किंमत, तीन हप्ते, काम पूर्ण करण्याची तारीख आणि रद्द केल्यास टप्प्याटप्प्याला किती कपात होईल ते. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचा पुरावा देतो, अटींचा देत नाही. पावतीत उलट बाजूही असावी. कारखान्यानेच काम सोडले, किंवा ठरलेल्या तारखेनंतर बराच काळ कामाला हात लागला नाही, तर कोणतीही कपात न करता पूर्ण रक्कम परत. बहुतेक छापील पावत्यांत नेमके हेच नसते, आणि ग्राहकाने आग्रह धरायचा तर तो इथे धरावा.

परतावा किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात, हेही लिहून ठेवलेले चांगले. शीट दुकानदाराकडे परत जाऊन त्याचे पैसे येईपर्यंत कारखान्याला आठ-दहा दिवस लागू शकतात, ते ग्राहकाला आधी माहीत असले तर रोजचे फोन टळतात. परताव्याच्या वेळी कपातीचा हिशेब बिलांसह दाखवावा. कटिंगनंतर ऑर्डर रद्द झाली आणि मालाची पूर्ण किंमत कापली, तर ते कापलेले तुकडे ग्राहकाचे झाले; त्याने मागितले तर द्यावे लागतात. कारखाना ते स्वतःकडे ठेवणार असेल, तर त्यांची किंमत, वरच्या हिशेबातल्या ६ हजारांसारखी, आधी वजा केलेली असली पाहिजे. तुकडेही ठेवायचे आणि पैसेही पूर्ण कापायचे, असे दोन्ही करता येत नाही.