स्लाइडवरून वाचता येईल असे पान

पॉवरपॉइंटमध्ये छापायला गेले की Handouts हा पर्याय समोर येतो आणि साहजिकच तोच निवडला जातो. त्यात एका पानावर तीन-सहा स्लाइडची लहान चित्रे येतात, पण वक्त्याची टिपणे येत नाहीत. टिपणे हवी असतील तर Notes Pages निवडावे लागते. मग पानाच्या वरच्या भागात स्लाइड आणि खाली तिचे टिपण छापले जाते.

खरे काम मात्र छापण्याआधीचे असते. समजा, आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात ओआरएसवर तीन स्लाइड आहेत: द्रावण कसे करावे, किती पाजावे आणि किती वेळ ठेवावे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा एकच विषय आहे, म्हणून त्याला एकच पान पुरे. फाइलची प्रत काढून त्यातली सर्वांत बोलकी स्लाइड ठेवावी, बाकी दोघींचा मजकूर तिच्या टिपणात आणावा आणि त्या दोन्ही Hide Slide ने लपवाव्यात. छापताना Print hidden slides वरची खूण काढायला विसरू नये, नाहीतर त्या पुन्हा पानांवर येतात.

आता टिपण. मूळ टिपणात बहुधा असे असते: ‘इथे थांबणे. घरात लिटरचे भांडे कोणते, विचारणे. मग पाकीट दाखवणे.’ ही वक्त्याने स्वतःला दिलेली सूचना आहे. सभेला न आलेल्या बाईला तिचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी पूर्ण वाक्ये लागतात: ‘एक लिटरचे पाकीट पूर्ण रिकामे करून एक लिटर स्वच्छ पाण्यात ढवळावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर थोडे थोडे पाजावे. 24 तासांनी उरलेले द्रावण फेकून द्यावे.’ स्लाइडवर फक्त ‘1 पाकीट, 1 लिटर’ असले तरी चालते, कारण बाकीचे आता खाली आहे. ‘मागच्या स्लाइडवर पाहिले तसे’ यासारखी वाक्ये आणि वक्त्याचे खासगी शेरे याच वेळी काढावेत.

मजकूर वाढला की तो टिपणाच्या चौकटीबाहेर जातो आणि छापताना कापला जाऊ शकतो. सामान्य दृश्यात हे कळत नाही. View मधल्या Notes Page मध्ये लगेच दिसते. तिथे स्लाइडचे चित्र लहान करून चौकट वाढवता येते. अक्षर बारीक करून जागा काढणे हा वाईट उपाय. तरीही मावत नसेल, तर बहुधा पानावर दोन विषय आलेले असतात.

ॲनिमेशनने एकामागून एक येणारी चित्रे कागदावर एकमेकांवर चढलेली दिसतात. अशी स्लाइड प्रतीत सुटी करून मांडावी लागते. शेवटी पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर तो मराठी फाँट नसला तरी अक्षरे बिघडत नाहीत.