माइंड मॅपमधून निसटलेले ‘तरीही’

परीक्षेच्या तयारीसाठी पानभर मजकुराचा माइंड मॅप काढणे आता शाळकरी मुलांनाही सवयीचे आहे. मधोमध विषय लिहायचा, त्याला फांद्या फोडायच्या आणि प्रत्येक फांदीवर एखादा शब्द टाकायचा. टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्यात एक खोट राहते. फांदीवर नावे चटकन बसतात, पण त्या नावांना जोडणारे ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘तरीही’ बाहेरच राहतात. ते राहिले आहेत की नाही, हे तपासता येते. त्यासाठी भूगोलाचा हा परिच्छेद घेऊ.

“जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर गेलेली हवा थंड होते, त्यामुळे ढग तयार होऊन घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा मात्र पुन्हा तापते आणि तिच्यात बाष्पही कमी उरलेले असते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात राहतो. तरीही या कोरड्या पट्ट्यात काही ठिकाणी ऊस दिसतो, कारण घाटमाथ्यावरचे पाणी कृष्णा, भीमा या पूर्ववाहिनी नद्यांतून धोम, उजनी या धरणांत येते आणि कालव्यांनी शेतात जाते.”

पहिल्या प्रयत्नात आराखडा साधारण असा होतो:

१. वारे – अरबी समुद्र, बाष्प
२. घाटमाथा – ढग, धो धो पाऊस, महाबळेश्वर ५५००
३. पर्जन्यछाया – कमी बाष्प, माण ५००
४. नद्या – कृष्णा, भीमा, धोम, उजनी, ऊस

सगळी नावे आली, आकडेही आले. आराखडा पूर्ण दिसतो आणि फसगत होते ती इथेच.

आता मूळ परिच्छेदातल्या जोडशब्दांखाली रेघ मारा: त्यामुळे, मात्र, म्हणून, तरीही, कारण. मग एकेक घेऊन तो आराखड्यात कुठे आहे ते शोधा. ‘त्यामुळे’ ज्यावर उभे आहे ते ‘हवा थंड होते’ कुठेच नाही. ‘मात्र’च्या मागचे ‘हवा पुन्हा तापते’ही गळाले आहे. नावे टिपताना क्रियापदे सुटतात आणि कार्यकारणभाव बहुधा क्रियापदातच असतो.

सर्वांत मोठी गळती ‘तरीही’ची आहे. तिसऱ्या फांदीत दुष्काळ, चौथीत ऊस. दोन्ही शेजारी निवांत बसले आहेत आणि त्यांच्यातला विरोध दिसतच नाही. त्या विरोधाचे उत्तर आहे दुसऱ्या फांदीत, म्हणजे घाटमाथ्याच्या पावसात. माइंड मॅप झाडासारखा फुटतो, प्रत्येक मुद्द्याला एकच पालक मिळतो; म्हणून एका फांदीतून दुसरीत जाणारा दुवा त्यात आपोआप येत नाही. तो मुद्दाम काढावा लागतो.

कागदावर २ पासून ४ पर्यंत तुटक बाण काढून त्यावर ‘पाणी वाहते’ असे लिहावे. टाइप केलेल्या आराखड्यात चौथ्या मुद्द्यापुढे ‘३ असूनही; पाणी २ वरून’ एवढे पुरते. दुसऱ्या मुद्द्यात ‘वर चढते, थंड होते’ आणि तिसऱ्यात ‘उतरते, तापते’ घातले की साखळी जुळते. रेषेवर जोडणारे शब्द लिहिण्याची ही शिस्त जोसेफ नोवाक यांनी १९७२ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात विकसित केलेल्या संकल्पना-नकाशातली आहे. ती इथे उसनी घ्यायला हरकत नाही.

जोडशब्दांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. ‘अडतात आणि वर चढतात’ यातला ‘आणि’ साधा दिसतो, पण अडतात म्हणूनच वर चढतात. तेव्हा दुसरी चाचणीही करावी. परिच्छेद झाकून, विषय ठाऊक नसलेल्या कुणाच्या तरी हाती फक्त आराखडा द्यावा आणि ‘माणला पाऊस कमी का? मग ऊस कसा?’ असे विचारावे. आपण स्वतः वाचलो तर गाळलेली जागा आठवणीतून नकळत भरून काढतो. त्याला ते जमणार नाही. तो अडखळेल तिथे दुवा तुटलेला आहे. उलट, प्रत्येक ‘आणि’ला बाण दिला तर रेषांचे जाळे होते. ज्याच्यावाचून एखाद्या ‘का?’चे उत्तर अडते तेवढाच दुवा ठेवावा.

या तपासणीत कधी मूळ लेखनातलीच फट सापडते. वर गेलेली हवा थंड का होते? वर दाब कमी असतो, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. हे आपल्या परिच्छेदात नाहीच. अशा जागी आराखड्यात प्रश्नचिन्ह टाकावे. आपण गाळलेले आणि लेखकाने न सांगितलेले, यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पहिल्यासाठी परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, दुसऱ्यासाठी दुसरे पुस्तक उघडावे लागते.