कोड कुणाचा, नोंदणी कुणाची?

शर्यतीची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली की आयोजक हमखास RUN150 असा एखादा कोड काढतात. तो लक्षात राहतो, बॅनरवर उठून दिसतो, आणि म्हणूनच बघता बघता भलत्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि कूपन गोळा करणाऱ्या वेबसाइटांवर जाऊन पडतो. मग ज्यांनी पूर्ण फी आनंदाने भरली असती तेही सवलत घेतात, आणि माणसं नेमकी कुठून आली हे कळायचा मार्गच उरत नाही.

समजा, कराडला २१ किलोमीटरची शर्यत आहे. फी ९०० रुपये, सवलत १५० रुपयांची. प्रचाराच्या वाटा तीन: धावणाऱ्यांचे ग्रुप, खेळाच्या साहित्याची दुकानं आणि वर्तमानपत्रातून घरोघर जाणारं पत्रक. ग्रुपांना ६०० आणि दुकानांना छापील कार्डांवर ४०० कोड द्यायचे. प्रत्येक कोड वेगळा आणि एकदाच चालणारा. तो दहा जणांना पाठवला, तरी सवलत एकालाच मिळणार.

कोड दिसतो K7QM4X असा. यात शून्य आणि O, एक, I आणि L मुद्दाम टाळलेले असतात, कारण कार्डावरून वाचताना त्यांचाच घोटाळा होतो. U सुद्धा वगळला, तर २२ अक्षरं आणि २ ते ९ हे आकडे मिळून ३० चिन्हं उरतात. चारच चिन्हांचा कोड ठेवला तर ८ लाख १० हजार जुळण्या होतात. त्यात आपले १,००० कोड खरे, म्हणजे अंदाजाने टाकलेला दर ८१० वा कोड लागू पडेल. असे कोड आपोआप टाकून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला हे काम अगदीच किरकोळ. सहा चिन्हं घेतली की जुळण्या जवळपास ७३ कोटी होतात आणि हाच अंदाज सव्वासात लाखांत एकदा बरोबर येतो. त्यावर पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर काही वेळ थांबायला लावलं, की अंदाजाने कोड शोधणं परवडत नाही. मात्र चिन्हं खरोखर यादृच्छिक हवीत. K7QM4X नंतर K7QM4Y असे ओळीने कोड दिले, तर एक कोड हाती आलेल्याला पुढचे सगळे कळतात.

कोड ‘वापरला’ असं कधी मानायचं, हाही प्रश्न आहे. फॉर्म भरताच मानलं, तर यूपीआयचा व्यवहार अडकलेल्या धावपटूचा कोड फुकट जातो. पैसे आल्यावरच मानलं, तर तेवढ्या वेळात तोच कोड दुसराही टाकू शकतो. म्हणून पैसे भरायला लागताच कोड पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवावा आणि पैसे आले नाहीत तर पुन्हा मोकळा करावा. ‘शिल्लक आहे का’ ही तपासणी आणि ‘राखला’ ही नोंद मात्र डेटाबेसमध्ये एकाच पायरीत व्हायला हवी. नाहीतर एकाच क्षणी आलेल्या दोघांनाही सवलत मिळते.

पत्रकाचं गणित वेगळं. दहा हजार प्रतींवर प्रत्येकी निराळा कोड छापायचा तर खर्च वाढतो, म्हणून तिथे एकच सामायिक कोड द्यावा लागतो. त्याला २०० नोंदण्यांची मर्यादा आणि शेवटची तारीख घालावी.

आता हिशोब. ग्रुपांच्या कोडांवर २१० नोंदण्या झाल्या, पत्रकाच्या २०० आणि दुकानांच्या ९२. ग्रुप जिंकले, असं वाटेल. पण पत्रकाच्या नोंदण्या वेळेनुसार लावून पाहिल्या, तर त्यांतल्या १४० एकाच रात्री नऊ ते अकरा या वेळात झालेल्या आहेत, आणि पिनकोड पुण्या-मुंबईचे. पत्रक तर फक्त कराडमध्ये वाटलं होतं. म्हणजे कोड फुटला, आणि पत्रकाच्या खऱ्या नोंदण्या साठच्या आसपास.

ग्रुपांचे २१० जण गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहिले, तर १६० जुनेच निघतात. ते सवलतीशिवायही बहुधा आले असते. त्यांच्यावरची २४,००० रुपयांची सवलत बहुतांशी वाया गेली. दुकानांच्या ९२ मध्ये मात्र ७५ नवे आहेत, आणि ग्रुपांचे नवे फक्त ५०. माझ्या मते पहिला क्रमांक दुकानांचाच. नोंदणीचा निव्वळ आकडा बघून पुढच्या वर्षीचे पैसे वाटणं ही मोठी चूक ठरेल.

सर्वांना सवलत सारखीच होती, म्हणून ही तुलना तरी करता आली. एका वाटेला १५० आणि दुसरीला ३०० रुपये दिले असते, तर माणसं वाटेमुळे आली की पैशांमुळे, हे सांगता आलं नसतं. शिवाय कोड फक्त शेवटची वाट दाखवतो. एखाद्याने शर्यतीबद्दल मित्राकडून ऐकलेलं असतं आणि कार्ड दुकानातलं वापरलेलं असतं. त्यासाठी नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘शर्यतीबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ हा एक प्रश्न जरूर ठेवा, आणि त्याची उत्तरं कोडांच्या आकड्यांशेजारी मांडून मगच पुढच्या वर्षीची कार्डं छापायला द्या.