एक पासवर्ड आणि दोनशे खाती

सोमवारी सकाळी ९ वाजता एका कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन फसल्याच्या २०० नोंदी उमटतात. नोंदी २०० वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या नावांवर आहेत, प्रत्येकाच्या खात्यावर एकच. पाऊण तासाने पुन्हा तेच. साडेदहाला तिसरी फेरी होते. या वेळी १९९ प्रयत्न फसतात आणि एक खाते उघडते. दरम्यान एकही खाते लॉक झालेले नाही. हा हल्ला कोणत्या प्रकारचा?

कॉम्प्टिया या संस्थेच्या ‘सिक्युरिटी प्लस’ परीक्षेत अशा धाटणीचे प्रश्न येतात. खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर फोडण्यास बंदी असल्याने वरचा प्रसंग या लेखासाठी रचला आहे. परीक्षेला वेळ ९० मिनिटे, प्रश्न जास्तीत जास्त ९० आणि उत्तीर्ण होण्यासाठी १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुण लागतात. त्यातले काही प्रश्न पडद्यावर प्रत्यक्ष काम करून सोडवायचे असतात आणि ते बराच वेळ खातात. त्यामुळे बाकीच्या प्रश्नांना मिनिटभरही मिळत नाही. परीक्षा मराठीत देता येत नाही, म्हणजे पुण्या-नागपूरच्या उमेदवाराला हा सारा प्रसंग इंग्रजीत वाचून तेवढ्याच वेळात नाव द्यायचे असते.

समजा, पर्याय चार आहेत: ब्रूट फोर्स, डिक्शनरी अटॅक, पासवर्ड स्प्रेइंग आणि क्रेडेन्शियल स्टफिंग. चारही पासवर्डवरचे हल्ले आणि चारही ठिकाणी लॉगिन फसते. गोंधळ होतो तो इथेच. ‘खूप प्रयत्न झाले’ एवढे वाचून घाईतला उमेदवार ब्रूट फोर्सवर खूण करतो. पण ब्रूट फोर्समध्ये एकाच खात्यावर शक्य त्या सगळ्या अक्षरजुळण्या एकामागून एक लावल्या जातात. डिक्शनरी अटॅकमध्ये त्याऐवजी नेहमीच्या शब्दांची तयार यादी वापरतात. दोन्हीत प्रयत्नांचा ढीग एकाच खात्यावर साचतो. बहुतेक कंपन्यांत ठरावीक वेळात पाच-दहा प्रयत्न चुकले की खाते आपोआप लॉक होते, त्यामुळे असा हल्ला थेट लॉगिनच्या पानावर फार काळ टिकत नाही.

आपल्या प्रसंगात एका खात्याच्या वाट्याला दीड तासात तीनच प्रयत्न आले आणि तेही पाऊण तासाच्या अंतराने. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. चुकांची मोजणी पंधरा किंवा तीस मिनिटांनी शून्यावर येत असेल, तर पाऊण तासाने केलेला प्रयत्न पुन्हा पहिलाच धरला जातो. हल्लेखोर ऋतूचे नाव आणि वर्ष, कंपनीचे नाव आणि १२३ असा एखादा पासवर्ड निवडतो आणि तो सगळ्यांवर एकेकदा लावून पाहतो. दोनशे माणसांत एकाने तरी तसा पासवर्ड ठेवलेला असेल, यावर त्याची सारी भिस्त असते. हे पासवर्ड स्प्रेइंग.

तरी शेवटच्या पर्यायाची शंका उरतेच. क्रेडेन्शियल स्टफिंगमध्येही खाती पुष्कळ आणि प्रत्येक खात्यावर प्रयत्न अगदी मोजके असतात. फरक असतो तो पासवर्ड कुठून आला यात. स्टफिंगमध्ये दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या इथे लावून पाहतात. प्रत्येक नावाबरोबर त्याच माणसाचा खरा, दुसरीकडे वापरलेला पासवर्ड असतो. पण विंडोजच्या नोंदीत वापरून पाहिलेला पासवर्ड लिहिला जात नाही. मग ओळखायचे कसे?

```
09:00:01  4625  akulkarni  203.0.113.7  0xC000006A
09:00:02  4625  bpatil     203.0.113.7  0xC000006A
09:00:03  4625  cshinde    203.0.113.7  0xC000006A
```

इथे 4625 हा लॉगिन फसल्याचा क्रमांक आहे. शेवटचा 0xC000006A हा संकेत सांगतो की नाव बरोबर होते, पासवर्ड चुकला. असे नावच अस्तित्वात नसते तर तिथे 0xC0000064 आले असते. बाहेरून फुटलेली यादी लावली असती, तर कंपनीत नसलेली कितीतरी नावे तिच्यात निघाली असती. इथे नावे सगळी खरी आणि एका साच्यातली आहेत, म्हणजे ती कर्मचाऱ्यांच्या यादीवरून तयार केलेली दिसतात. शिवाय तीच नावे ठरावीक अंतराने पुन्हा येतात. फुटलेल्या यादीत एका माणसाची बहुधा एकच जोडी असते, तिथे फेऱ्यांना फारसा अर्थ नसतो. परीक्षेतला प्रसंग मात्र इतके खोदायला लावत नाही. स्टफिंग अपेक्षित असेल तर ‘दुसऱ्या कंपनीची माहिती फुटली होती’ असे एखादे वाक्य त्यात घातलेले असते. ते वाक्य नजरेतून सुटले की उत्तर चुकते.

प्रत्यक्षातल्या घटना इतक्या स्वच्छ नसतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ‘मिडनाइट ब्लिझार्ड’ या रशियन गटाने मायक्रोसॉफ्टवर पासवर्ड स्प्रेइंग केले आणि चाचणीसाठी ठेवलेले एक जुने खाते उघडले. त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे मल्टी-फॅक्टर, लावलेली नव्हती. तिथून पुढे सरकत त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या काही ईमेलपर्यंत मजल मारली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने हे जाहीर केले. हल्लेखोरांनी मोजकीच खाती निवडली होती, प्रयत्न कमी ठेवले होते आणि ते घरगुती इंटरनेट जोडण्यांच्या पत्त्यांआडून केले होते. म्हणजे ‘एकाच पत्त्यावरून अनेक खाती’ ही पुस्तकातली खूण तिथे दिसलीच नसती.

स्टफिंगचे ठळक उदाहरण त्याच वर्षीचे. डीएनए तपासणी करणाऱ्या ‘२३अँडमी’ या अमेरिकी कंपनीची सुमारे १४,००० खाती दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डनी उघडली गेली. नातेवाईक शोधण्याची सोय त्या खात्यांना जोडलेली होती, तिच्यामुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती हल्लेखोराच्या हाती लागली. यातल्या बहुतेकांचे स्वतःचे खाते कोणी उघडलेच नव्हते.

नाव अचूक लागणे महत्त्वाचे ठरते ते पुढच्या प्रश्नामुळे. तोच प्रसंग देऊन ‘कोणता उपाय करावा?’ असे विचारले जाते आणि पर्यायांत ‘खाते लॉक करण्याची मर्यादा आणखी कडक करा’ हा पर्याय हमखास ठेवलेला असतो. ब्रूट फोर्सला तो लागू पडतो. स्प्रेइंगला त्याने फारसा धक्का बसत नाही, उलट मर्यादा फार खाली आणली तर हल्लेखोराच्या एका फेरीत सगळी कंपनीच कुलूपबंद होऊ शकते. तिथे सोप्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांना बंदी आणि मल्टी-फॅक्टर हेच खरे उपाय आहेत. स्टफिंगमध्ये पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नाही, कारण तो आधीच चोरीला गेलेला असतो. तिथे नवा पासवर्ड फुटलेल्या याद्यांशी ताडून पाहणे आणि मल्टी-फॅक्टर कामी येते. २३अँडमीने हल्ल्यानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सर्व ग्राहकांसाठी दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची केली. जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने या प्रकरणी कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड ठोठावला.