‘हा निकाल आमच्या प्रकरणाला लागू नाही’

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने दिल्लीच्या आडत्याला माल पाठवला, असं समजू. आडत्याने आपल्या दिल्लीच्या खात्याचा चेक दिला. व्यापाऱ्याने तो लासलगावच्या बँकेत भरला आणि ‘शिल्लक अपुरी’ असा शेरा घेऊन तो परत आला. आता फौजदारी तक्रार कुठे करायची, निफाडच्या कोर्टात की दिल्लीच्या? प्रश्न साधा दिसतो, पण सोळा वर्षांत त्याची उत्तरं तीनदा बदलली. आधीचा निकाल पुढच्या न्यायाधीशाला कधी बांधतो आणि कधी त्यातून वाट काढता येते, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

चेक न वटणं हा १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. मात्र तक्रार कोणत्या गावच्या कोर्टात करायची, हे त्या कलमात लिहिलेलं नव्हतं. १९९९ साली के. भास्करन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती पोकळी भरली. त्यांच्या मते हा गुन्हा पाच गोष्टींनी मिळून बनतो. चेक लिहिला जातो, बँकेत सादर होतो, न वटता परत येतो, देणेकऱ्याला लेखी नोटीस दिली जाते आणि नोटीस मिळून पंधरा दिवसांत पैसे येत नाहीत. या पाच गोष्टी पाच गावी घडल्या, तर त्यांतल्या कोणत्याही गावी तक्रार करता येईल. म्हणजे आपल्या व्यापाऱ्याला निफाड मोकळं झालं.

संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक असतो. त्यामुळे भास्करनचा निकाल पटला नाही तरी निफाडच्या न्यायाधीशांना तो पाळावाच लागणार. मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही त्यांना बांधतो, आणि गोव्यातल्या कोर्टांनाही, कारण गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. गुजरात किंवा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल मात्र निफाडमध्ये फक्त वजनदार मत म्हणून वाचला जातो. त्यातला विचार पटला तर तो स्वीकारतात, नाही तर कारण देऊन बाजूला ठेवतात. वकील त्याला ‘पर्स्युएसिव्ह’ म्हणतात. मन वळवण्याइतकीच त्याची ताकद असते.

बंधनकारक निकालातलंही प्रत्येक वाक्य बांधत नाही. निकालातला जो विचार काढून घेतला तर निर्णयच उभा राहणार नाही, तेवढाच बांधतो. वकिलांच्या भाषेत हा ‘रेशो’. ओघात आलेलं भाष्य म्हणजे ‘ऑबिटर’. निकाल वाचण्याची खरी कसोटी या दोहोंमधली रेघ ओळखण्यात आहे, आणि भास्करनच्या बाबतीत नेमकं इथेच घोळ सुरू झाले.

‘नोटीस देणं’ ही पाचांतली एक गोष्ट. मग अनेकांनी असा अर्थ लावला की नोटीस जिथून पाठवली ते गावही चालेल. म्हणजे देणेकरी, बँक, व्यवहार सगळं एका शहरात, पण वकिलाकरवी दुसऱ्या शहरातून नोटीस धाडली की खटला त्या शहरात! हर्मन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध नॅशनल पॅनासॉनिक या प्रकरणात असंच झालं. चेक चंडीगडला दिला गेला, तिथेच सादर झाला, नोटीसही देणेकऱ्याला तिथेच मिळाली. दिल्लीतून फक्त नोटीस निघाली होती, आणि तक्रार दिल्लीत दाखल झाली.

डिसेंबर २००८ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या पीठापुढे आलं, तेही दोघांचंच होतं. तेवढ्याच संख्येच्या आधीच्या पीठाचा निकाल अशा पीठाला रद्द करता येत नाही. तो चुकीचा वाटला तर प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवावं लागतं. पण इथे तशी वेळ आली नाही, कारण पीठाने भास्करनची वस्तुस्थिती तपासली. भास्करनमध्ये नोटीस घेतली न जाता परत आली होती, आणि तशी नोटीस पोचली असं धरायचं का, असा तिथे प्रश्न होता. नोटीस नुसती पाठवल्याने पाठवणाऱ्याच्या गावाला अधिकार मिळतो का, हा वाद तिथे नव्हताच. नोटीस पाठवणं वेगळं आणि ती पोचणं वेगळं, असं सांगून न्यायालयाने दिल्लीचा अधिकार नाकारला. भास्करन जागच्या जागी राहिला, फक्त त्याची कक्षा आखली गेली. कोर्टात ज्याला निकाल ‘डिस्टिंग्विश’ करणं म्हणतात, ते हेच.

हे चलाखीचं काम नाही, आणि तसं करणाऱ्यांचा मला राग येतो. दोन खटल्यांत फरक नेहमीच सापडतो. एकात चेक एक लाखाचा, दुसऱ्यात दोन लाखांचा. एक व्यापारी, दुसरा शिक्षक. असा फरक दाखवून निकाल झटकणं म्हणजे तो न पाळणंच. फरक खरा आहे का, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: ही नवी वस्तुस्थिती जुन्या खटल्यात असती, तर जुन्या न्यायाधीशांनी दिलेलं कारण टिकलं असतं का? रक्कम बदलून भास्करनचं कारण हलत नाही. पण नोटीस पोचल्याचं गाव काढून तिथे ती निघाल्याचं गाव ठेवलं, की ते कारण अपुरं पडतं.

तरी मूळ पंचसूत्र उभंच होतं. ते पडलं १ ऑगस्ट २०१४ रोजी, दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात. या वेळी पीठ तिघांचं होतं, म्हणून त्याला भास्करनमधून वाट काढत बसण्याची गरज नव्हती. तो निकाल थेट मोडता आला. या पीठाच्या मते देणेकऱ्याच्या बँकेने चेक परत केला, त्या क्षणीच गुन्हा घडतो. नोटीस आणि पंधरा दिवस या फक्त खटला भरण्यापूर्वीच्या अटी आहेत. म्हणून अधिकार देणेकऱ्याच्या बँकेच्या गावालाच. आपला व्यापारी दिल्लीला निघाला! देशभर असंख्य तक्रारी परत करायची वेळ आली. जिथे समन्स बजावून साक्षीपुरावा सुरू झाला होता, ते खटले न्यायालयाने आहे तिथेच ठेवले. बाकीच्यांना तक्रार परत मिळाल्यापासून तीस दिवसांत योग्य कोर्टात दाखल करायची मुभा दिली. देणेकऱ्याची ससेहोलपट थांबावी, हा हेतू मला समजतो. पण फसवला गेलेलाच प्रवास करत राहिला, हे मला अन्यायाचं वाटलं.

सर्वोच्च न्यायालयाचा कायद्याचा अर्थ नको असेल, तर संसद कायदाच बदलू शकते. जून २०१५ मध्ये आधी वटहुकूम आणि नंतर दुरुस्ती कायदा आला. चेक खात्यात भरून वटवायला दिला असेल, तर चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टाला अधिकार मिळाला. राठोड निकाल चुकीचा ठरला नाही. त्याच्या पायाखालचा कायदा बदलला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रिजस्टोन इंडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की दुरुस्तीनंतर राठोड निकाल आड येणार नाही. व्यापारी निफाडला परतला.

तुमच्या वकिलाने एखादा निकाल तुमच्या बाजूचा म्हणून दाखवला, तर चार गोष्टी नक्की विचारा. तो कोणत्या न्यायालयाचा आहे? पीठ किती जणांचं होतं? नंतर तो मोडला गेला किंवा कायदा बदलला का? आणि त्यातली हकिगत तुमच्या हकिगतीशी कुठे जुळते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत दाव्याच्या कागदांवर सही करू नका.