नोकरीच्या शोधाचा तगकाळ आणि मधली नोकरी

तळेगाव दाभाडेजवळचा जनरल मोटर्सचा मोटार कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २४ डिसेंबर २०२० रोजी तेथील उत्पादन थांबले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी त्याच्या विक्रीचा करार २०२० च्या जानेवारीतच झाला होता. तो तडीस न जाता २०२२ मध्ये संपुष्टात आला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. उत्पादन थांबल्यापासून या करारापर्यंत बत्तीस महिने जातात. नवा मालक येईल आणि जुने काम परत मिळेल, या आशेवर थांबलेल्या कामगाराला बत्तीस महिने पुरेल एवढी शिल्लक लागली असती. इतकी शिल्लक मावळातल्या पगारदार घरांत क्वचितच असते. म्हणून थांबायचे की नाही, याच्या आधी थांबता किती येईल, हे काढावे लागते. उत्पन्न नसताना घर जितके महिने निभावते, त्या अवधीला या लेखात तगकाळ म्हटले आहे.

तगकाळ काढण्याची प्रचलित रीत म्हणजे शिल्लक रकमेला महिन्याच्या खर्चाने भागणे. ही रीत फसवी आहे, कारण घरखर्च सर्व महिन्यांत सारखा नसतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ वर्षे नोकरी झालेल्या एका तंत्रज्ञाचे काम मार्चअखेर सुटले. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होते. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची रक्कम काढताना या आकड्याला २६ ने भागतात, १५ ने गुणतात आणि पुन्हा सेवेच्या वर्षांनी गुणतात. ती सुमारे ९३,००० रुपये होते आणि कायद्याने तीस दिवसांत मिळायला हवी. बँकेतली शिल्लक १,४०,००० आणि अखेरच्या हिशेबातून, शिल्लक रजांसह, मिळालेले २७,००० धरले की एकूण २,६०,००० होतात. त्यांतील ५०,००० दवाखान्यासाठी वेगळे ठेवले, तर वापरायला २,१०,००० उरतात.

घरभाडे, किराणा, दूध, गॅस, वीजबिल, पेट्रोल आणि गावाकडे पाठवायचे पैसे यांतून पत्नीची शिवणकामाची कमाई वजा केल्यावर महिन्याला २८,००० रुपये हातचे जातात. भागाकाराने साडेसात महिने निघतात. परंतु जूनमध्ये शाळेची फी २२,००० आणि सप्टेंबरमध्ये आरोग्य व वाहन विम्याचे १४,००० भरायचे आहेत. एप्रिलपासून महिनावार वजाबाकी केली, तर जुलैअखेर ७६,००० आणि सप्टेंबरअखेर अवघे ६,००० उरतात. म्हणजे तगकाळ सहा महिन्यांचा आहे, आणि दिवाळीचा खर्च त्यात धरलेलाही नाही. वहीच्या एका पानावर महिन्यांची नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे त्या महिन्याचा खरा खर्च मांडला, की ही गफलत लगेच दिसते. दर महिनाअखेरीस प्रत्यक्ष शिल्लक या पानाशी ताडून पाहावी. लागोपाठ दोन महिने तफावत आली, तर खर्चाचा आकडाच चुकीचा धरला आहे असे समजून मांडणी नव्याने करावी.

तगकाळात मनाजोगते काम मिळाले नाही, तर शोध चालू ठेवून तात्पुरती मधली नोकरी धरावी लागते. तिचा निर्णय पैसे संपताना घेऊन चालत नाही. ठेकेदाराकडे नाव देऊन कंत्राटी काम लागेपर्यंत तीन-चार आठवडे धरावेत. पगार महिना भरल्यानंतर, बहुधा पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतो. त्यामुळे निर्णय घेतल्यापासून पूर्ण पगार हाती पडेपर्यंत अडीच ते तीन महिने जातात. वरील उदाहरणात पैसे सप्टेंबरअखेर संपत असतील, तर निर्णयाची तारीख जुलैच्या मध्यावर येते. ही तारीख पहिल्याच दिवशी ठरवून घरात सांगून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण जुलैत एखादी मुलाखत बरी गेलेली असते आणि मन आणखी एक महिना मागते.

आता मुख्य प्रश्न असा, की कोणती मधली नोकरी घेण्याजोगी आहे? तिची दोन मापे आहेत. घराच्या मासिक तुटीचा किती हिस्सा ती भरून काढते, हे पहिले. शोधासाठीच्या वेळाचा किती हिस्सा ती खाते, हे दुसरे. पहिला हिस्सा दुसऱ्याहून मोठा असेल, तरच एकूण शोध वाढतो. आपल्या तंत्रज्ञापुढे दोन कामे आहेत असे समजू. चाकणच्या गोदामात हातात १५,००० मिळतात, परंतु प्रवास व बाहेरचे खाणे यांत ३,५०० जातात. उरलेल्या ११,५०० रुपयांतून तुटीचा ४१ टक्के भाग भागतो. पाळी आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी धरून, आठवड्याला तीस तास चालणारा शोध बारा तासांवर येतो, म्हणजे ६० टक्के वेळ जातो. पैसे १.७ पट काळ पुरतात खरे, पण शोधाचे एकूण तास आधीच्या दोन-तृतीयांशांवर घसरतात. दुसरे काम आंबीच्या बाजूला, हातात १३,००० आणि जाण्यायेण्याचा खर्च १,०००. येथे ४३ टक्के तूट भागते आणि शोधाला वीस तास राहतात, म्हणजे एक-तृतीयांशच वेळ जातो. एकूण शोध सुमारे एक-षष्ठांशाने वाढतो. कमी पगाराचे पण जवळचे काम येथे सरस ठरते. खर्च पूर्णच भागवणारे काम असेल, तर पैसे संपण्याचा प्रश्न उरत नाही आणि ही तुलनाही लागू होत नाही.

या गणिताला एक मोठी मर्यादा आहे. सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. कारखान्यांतील मुलाखती बहुतेक कामाच्या दिवशी सकाळी होतात. म्हणून त्याच पगारात दुसरी पाळी कायम मिळत असेल, तर ती पहिल्या पाळीपेक्षा शोधाला पोषक असते. दर आठवड्याला फिरणारी पाळी मात्र मुलाखतीची वेळ देणेच अवघड करते.

नोकरी सुटलेली नसून ले-ऑफ असेल, तर वेगळी काळजी घ्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्म्या भरपाईची तरतूद होती, आणि ती मिळण्यासाठी कामगाराने ठरल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर होणे आवश्यक होते. त्या वेळेशी टक्कर होणारे बाहेरचे काम धरले, तर भरपाईच धोक्यात येते. म्हणून भरपाई चालू असताना मधले काम घेण्यापूर्वी हजेरीची अट काय आहे, हे संघटनेकडून किंवा कामगार आयुक्त कार्यालयातून विचारून घ्यावे.

भविष्यनिर्वाह निधी तगकाळात धरू नये, असे माझे मत आहे. त्याचे एक कारण निवृत्तिवेतनाशी जोडलेले आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे भरलेल्या आपल्या तंत्रज्ञाने योजनेतील रक्कम काढून घेतली, तर ती सेवा संपते. तीच सेवा जुन्या यूएएन क्रमांकाखाली चालू ठेवून मधल्या नोकरीत निधीची व या योजनेची कपात होत राहिली, तर उरलेले एक वर्ष भरून निघते. म्हणूनच ठेकेदाराला पगाराचा आकडा विचारताना पीएफ कापला जातो का, आणि तो जुन्याच क्रमांकात जमा होईल का, हेही विचारावे.